ट्रेडस्कँशिया लांबट झाली, रंग उडाला? शेंडा नेमका कुठे खुडायचा

नमस्कार! श्रावण आला की माझ्याकडे एकाच झाडाचे फोटो यायला लागतात. "ताई, नर्सरीतून आणली तेव्हा चंदेरी-जांभळी होती, आता नुसत्या हिरव्या दोऱ्या लोंबतायत." म्हणून आज फक्त हेच.

(कुंडी कॅमेऱ्यासमोर धरून) ही ट्रेडस्कँशिया झेब्रिना. नर्सरीत हिला वाँडरिंग ज्यू म्हणतात. माती भुसभुशीत हवी, कुंडीला भोक हवं, वरची माती सुकली की पाणी. एवढं तुम्हाला येतंच.

आता ही वेल बघा. या दोन पानांमध्ये माझी चार बोटं बसतात. निरोगी वेलीत जेमतेम एक-दीड बोट बसतं. उजेड कमी पडला की वेल उजेड शोधत लांबते. जांभळा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो, ते भरपूर उजेडातच नीट तयार होतं. सावलीत ते घटतं आणि हिरवं वर येतं. चंदेरी पट्टा हा तर रंगच नाही. पानाच्या वरच्या सालीखाली हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यांवरून उजेड परावर्तित होतो. ही रचना पान घडतानाच होते, त्यामुळे चांगला पट्टा बघायचा तर नव्या पानांत बघा.

एका दादांनी लिहिलंय, "तीन वेळा खत घातलं, रंग येईना." दादा, खत थांबवा. उजेड नसताना नत्र दिलं की वेल आणखी मऊ आणि लांब होते.

आणि ती हिरवी जाळी! एप्रिलच्या उन्हासाठी बांधलेली जाळी जुलै-ऑगस्टमध्येही तशीच असते. आकाश आधीच ढगाळ, त्यावर जाळी. माझं कळकळीचं सांगणं आहे, पाऊस सुरू झाला की जाळी काढा. दुपारी बारा वाजता पानांच्या वर फूटभर हात धरा. हाताची सावली स्पष्ट पडली तर उजेड पुरेसा. अंधूक पडली तर कुंडी सरकवा. झेब्रिनाला सकाळचं दोन-तीन तास ऊन उत्तम, पण एकदम उन्हात ठेवू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू न्या. मे महिन्यातलं दुपारचं ऊन मात्र पानं करपवतं. पूर्ण जांभळी पर्पल हार्ट असेल तर तिला दिवसभर ऊन चालतं.

आता खुडणी. सगळी चूक इथेच होते. तुम्ही लोंबणाऱ्या टोकाचा शेंडा खुडता आणि म्हणता, कुंडी वरून टक्कलच राहिली. राहणारच! शेंडा खुडला की फुटवे येतात ते कापल्या जागेच्या लगतच्या सांध्यांतून. टोकाला खुडलं तर टोकालाच फुटतील, दोन हात खाली.

उसाची कांडी आठवा. डोळा सांध्यावर असतो, मधल्या पेराला कधी कोंब येत नाही. इथेही तसंच. मातीपासून दोन-तीन सांधे मोजा आणि तिसऱ्या सांध्याच्या अर्धा सेंटीमीटर वर कापा. (कापून दाखवत) हे बघा, पानाचा देठ खोडाला नळीसारखा वेढतो. त्या नळीत डोळा आहे, तो ती फोडून बाहेर येतो. नळी ओरबाडू नका.

तरी जीव होत नाही, हे मला कळतं. दोन हात वाढलेली वेल कापायची! पण लांबलेलं पेर पुन्हा आखूड होत नाही. कितीही ऊन द्या, ही चार बोटं चारच राहणार.

आणि क्रम पाळा. आधी जागा बदला, मग खुडा. माझ्या आईकडच्या कुंडीत मी हे उलट केलं होतं. स्वयंपाकघरातल्या खिडकीतच कापली, फुटवे आले, पण तेही लांबट आणि फिकट. महिना फुकट गेला. मग कुंडी पूर्वेच्या गॅलरीत हलवली, दोन आठवडे थांबले आणि पुन्हा खाली कापली. साधारण दहा दिवसांनी टोचणीच्या टोकाएवढे जांभळे कोंब दिसले. दीड महिन्यात पानं एकमेकांना टेकली.

कापलेल्या वेली टाकू नका. दोन-तीन सांध्यांचे तुकडे करा, खालचं पान काढा आणि निदान एक सांधा मातीत जाईल असे त्याच कुंडीत मोकळ्या जागी खोचा. सहा इंची कुंडीत दहा-बारा तुकडे बसतात. टक्कल भरतं ते मुख्यतः यांनीच. चीक काहींच्या हाताला खाजतो, तेव्हा हातमोजे घाला आणि मांजर-कुत्र्यांपासून कुंडी लांब ठेवा.

तुकड्यांना आठवड्यात मुळं धरतात. नव्या फुटव्याला चार पानं आली की त्याचाही शेंडा नखाने खुडा, या वेळी मात्र अगदी टोकाचा.