गोड खाल्लं की अंगात वारं शिरतं?

पालकांकडून एक वाक्य मी नेहमी ऐकते. "मॅडम, गोड खाल्लं ना, की ह्याच्या अंगात वारं शिरतं." सहा वर्षांच्या एका मुलाची आईही हेच सांगत आली होती. मी तिला वहीत चार रकाने आखायला सांगितले: वेळ, त्याआधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, आणि लगेच आपण काय केलं.

पहिल्या दिवशी तिने लिहिलं, "खूप हट्ट केला." हे झालं आपलं मत. "जमिनीवर लोळला, वही फेकली, चार मिनिटं ओरडला," ही नोंद. मग मी आई आणि आजी दोघींना एकच संध्याकाळ वेगवेगळी लिहायला लावली. आईच्या वहीत तीन प्रसंग, आजीच्या वहीत एक! म्हणजे काय मोजायचं हेच ठरलं नव्हतं. ठरवलं: लोळणं, फेकणं, किंवा मिनिटभराहून जास्त ओरडणं.

आणखी एक अट घातली. गोड दिलं की नाही हे रोज लिहायचं, मुलगा शांत राहिला तरी. लाडू खाऊन गुपचूप झोपलेला दिवस कुणाच्या लक्षात राहतो? गडबडीचा दिवस मात्र पक्का राहतो.

21 दिवसांनी आम्ही मोजलं. गोड खाल्लेले दिवस 9, त्यांतल्या 6 दिवशी आकांडतांडव. गोड न खाल्लेले दिवस 12, त्यांतल्या 8 दिवशी आकांडतांडव. दोन्हीकडे तीनांत दोन! आईला फक्त ते सहा दिवस आठवत होते.

यात त्या माउलीचा दोष नाही. 1994 साली अमेरिकेत हूवर आणि मिलिक यांनी एक प्रयोग केला. साखर नसलेलं पेय मुलांना दिलं, पण काही आयांना सांगितलं की यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. म्हणून जमलं तर लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय खाल्लं हे माहीतच नसावं.

मग आम्ही पहिला रकाना पाहिला. 14 पैकी 11 दिवशी वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेसात. दुसऱ्या रकान्यात "मोबाइल काढून घेतला, अभ्यासाला बसवलं." आणि चौथ्यात, बहुतेक ठिकाणी, "दहा मिनिटं परत दिला."

यावरून कारण सिद्ध होत नाही. त्या वेळी मुलगा दमलेला किंवा भुकेलाही असेल. म्हणून एकच गोष्ट बदलली: पाच मिनिटं आधी सांगायचं, आणि काढून घेतलेला मोबाइल परत द्यायचा नाही. पहिले तीन-चार दिवस ओरडणं वाढेल, हे मी आधीच बजावलं होतं, आणि तसंच झालं. हक्काचा उपाय चालेना झाला की मूल आधी जोर लावून बघतं. तेव्हा वही बंद करायची नाही, मोजायची व्याख्याही बदलायची नाही. पुढच्या 14 दिवसांत प्रसंग 4 दिवशी झाले. त्यांतले तीन पहिल्या आठवड्यातले.