लाल रंगाखालचं नाव

(इंदूरला एका मराठी वाचनालयाच्या सभागृहात झालेलं व्याख्यान, संपादित करून)

नमस्कार मंडळी. खजूरी बाजारालगत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान बरीच वर्षं होतं, त्यामुळे माझं सगळं ज्ञान काउंटरच्या आतल्या बाजूचं आहे. आज एकच गोष्ट सांगतो, तीही माझ्या फजितीची.

गणपतीच्या दिवसांत एका मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीची यादी घेऊन आले. एक्सेलमध्ये केलेली, चार रंगांत रंगवलेली. पूर्ण रक्कम आली त्याला फिकट हिरवा, अर्धी आली त्याला नारिंगी, घरी भेट झाली नाही त्याला पिवळा आणि ज्यांच्याकडे पुन्हा जायचंच, ते लाल. स्क्रीनवर यादी रांगोळीसारखी दिसत होती. "काका, साठ प्रती. ब्लॅक अँड व्हाइट चालेल." मी एक प्रत लेझर प्रिंटरवर काढली, तिच्यावरून साठ झेरॉक्स मारल्या आणि पैसे घेतले. संध्याकाळी मंडळी परत आली. पिवळा कुठेच नव्हता. हिरवा आणि नारिंगी ओळखू येत नव्हते. आणि ज्यांच्याकडे जायचंच होतं, त्यांची नावं काळ्या पट्ट्यात बुडाली होती.

त्यांना वाटलं टोनर खराब. टोनर कालच भरला होता.

आता हे होतं कसं? आपण रंग नावाने ओळखतो. काळं छापणाऱ्या प्रिंटरला नाव कळत नाही, त्याला फक्त उजळपणा कळतो. प्रत्येक रंगात लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५. त्यातला हिरवा डोळ्याला सर्वांत उजळ वाटतो, निळा सर्वांत काळोखा. म्हणून राखाडी रंग काढताना तिघांना सारखं वजन देत नाहीत. नेहमीचा हिशोब असा:

```
उजळपणा = 0.299*R + 0.587*G + 0.114*B
```

उत्तर २५५ आलं तर कोरा कागद, ० आलं तर पूर्ण काळं. आपल्या यादीचे रंग यात घाला. एक्सेलच्या ठरावीक रंगांतला पिवळा म्हणजे २५५, २५५, ०. उत्तर येतं २२६, म्हणजे कागदावर जेमतेम ११ टक्के काळेपणा. लाल म्हणजे २५५, ०, ०. उत्तर ७६, म्हणजे ७० टक्के काळेपणा, आणि त्यावर काळी अक्षरं! नारिंगी निघतो २६ टक्के, फिकट हिरवा ३१ टक्के. स्क्रीनवर एक भगवा, एक पोपटी. कागदावर दोघे जुळे भाऊ. प्रत्येक ड्रायव्हरचा, म्हणजे कॉम्प्युटरमधून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामचा, हिशोब थोडा वेगळा असतो, पण या रंगांचा क्रम सहसा बदलत नाही.

यापुढचं मात्र दुकानदारालाच दिसतं. लेझर प्रिंटरकडे राखाडी टोनर नसतोच. तो काळे बारीक ठिपके टाकतो, एका इंचात साधारण शंभरेक, आणि ठिपक्यांच्या लहानमोठेपणातून राखाडी भासवतो. पिवळ्याचे ठिपके इतके बारीक असतात की झेरॉक्स मशीन त्यांना कागदावरची घाण समजून पुसून टाकतं. लालाचे ठिपके आधीच एकमेकांना टेकलेले असतात, झेरॉक्समध्ये ते फुगून चिकटतात आणि पट्टा काळा होतो. म्हणजे एकाच मशीनने एक रंग गिळला आणि दुसरा फुगवला. दोन्ही तक्रारी एकाच प्रतीवर येतात त्या यामुळे.

आणि आपल्या देवनागरीचं दुखणं तर वेगळंच. इंग्रजी अक्षर ठिपक्यांतही बऱ्यापैकी तग धरतं. आपला अनुस्वार म्हणजे स्वतःच एक ठिपका! त्या यादीत 'शिंदे' कुठे 'शिदे' वाचले जात होते, आणि एका ठिकाणी 'बाकी' वर नसलेला अनुस्वार उगवला होता. अक्षर लहान, दहाच्या आसपास, असलं आणि मागे तीस टक्क्यांची राखाडी असली की हे व्हायचंच.

मग उपाय काय? एक्सेलमध्ये Page Layout मध्ये जाऊन Page Setup च्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबा. खिडकी उघडते, तिथे Sheet नावाच्या पानावर Black and white अशी चौकट आहे. तिथे टिक केली की एक्सेल घरांचे रंग छापतच नाही, अक्षरं शुद्ध काळी छापतं. ड्रायव्हरमधल्या 'ग्रेस्केल'शी हिची गल्लत करू नका. ग्रेस्केल रंगाचा राखाडी करतो, ही चौकट रंग काढूनच टाकते. ती प्रत्येक शीटसाठी वेगळी द्यावी लागते. आणि पीडीएफ करून दुकानात नेणार असाल तर टिक आधी, पीडीएफ नंतर. आमच्या हातात पीडीएफ आली की आम्ही फक्त राखाडी करू शकतो.

वर्डमधल्या हायलाइटचंही थोडक्यात सांगतो. File, Options, Display इथे Show highlighter marks वरची टिक काढा, हायलाइट स्क्रीनवरूनही जातो आणि छापूनही येत नाही. काम झालं की टिक परत लावता येते. रंग तरीही राहिला तर तो हायलाइट नाही, शेडिंग आहे, ते वेगळं काढावं लागतं.

पण रंग गेले की त्यांच्याबरोबर माहितीही गेली! त्या मंडळाच्या यादीत 'कोणाकडे जायचं' हे फक्त रंगात होतं. म्हणून मी त्यांना एक स्तंभ वाढवायला लावला: पूर्ण, अर्धी, भेट नाही, पुन्हा जाणे. रंग ठेवायचाच असेल तर त्या चौकटीतली टिक काढा आणि रंग एकच ठेवा, राखाडीतला Darker 15% म्हणतात तो, आणि त्यावरचं अक्षर ठळक करा. Darker 5% घेऊ नका, झेरॉक्समध्ये तो उरत नाही. आणि साठ प्रतींआधी एक प्रिंट, त्या प्रिंटची एक झेरॉक्स, आणि ती झेरॉक्स खिडकीजवळ नेऊन वाचायची. स्क्रीनवरचं प्रिव्ह्यू राखाडी दाखवतं, ठिपके दाखवत नाही.

त्या दिवशी स्तंभ वाढवला, चौकटीत टिक केली आणि मी पहिली प्रत काढली. नावं स्वच्छ. पण शेजारी, जिथे स्क्रीनवर काहीच नव्हतं, तिथे काळ्याभोर अक्षरांत मजकूर आला होता. "दरवर्षी टाळतात." "वहिनींना भेटा, ते देत नाहीत." कोणीतरी खाजगी टिपणं पांढऱ्या अक्षरांत लिहून ठेवली होती, आणि ती चौकट अक्षराचा रंग विचारत नाही, सगळं काळं करते. खजिनदारांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "काका, झेरॉक्स नाही ना मारली अजून?"