मिनिटाला किती, हे विचारण्याआधी

(नाशिकमध्ये दिलेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘प्रादेशिक व्हिडिओंचं सबटायटलिंग आणि मिनिटाचे दर’. दरांवर मी येणार आहे. पण त्याआधी एका वाक्याची गोष्ट सांगू द्या, कारण त्या वाक्यानं मला दर कसा मागायचा ते शिकवलं.

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचा व्हिडिओ माझ्याकडे आला होता. अकरा मिनिटं वीस सेकंदांचा. काका बागेत उभे राहून बोलतायत आणि शेजारच्या प्लॉटमध्ये ट्रॅक्टरवरचा ब्लोअर सुरू आहे. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी बाग असेल, तो आवाज तुम्हाला सांगायला नको. मराठी व्हिडिओला मराठीच सबटायटल कशाला, असं मला नेहमी विचारतात. याच आवाजासाठी. बघणारा माणूसही बागेतच उभा असतो, त्याच्याही कानाशी ब्लोअर असतो. शिवाय एसटीत आवाज बंद करून बघणारे असतात, कमी ऐकू येणारे असतात.

कच्चा मसुदा मी व्हिस्परवर काढला. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं, बोलणं ऐकून लिहून देणारं हे ओपन सोर्स साधन आहे, आपल्याच संगणकावर चालतं आणि मराठी ओळखतं. मागच्या रांगेतल्या मुलामुलींसाठी ती ओळ पडद्यावर दाखवते.

```
whisper bag.mp4 --language mr --model medium --output_format srt
```

यातलं `--language mr` विसरू नका. ते नसेल तर यंत्र सुरुवातीच्या थोड्याशा बोलण्यावरून भाषा ठरवतं आणि आपल्या मराठीला कधीकधी हिंदी समजून बसतं. दुसरी खोड म्हणजे, कुणी बोलत नसेल आणि नुसता घरघराट असेल, तर ते रिकामं बसेलच असं नाही. मनानं एखादं वाक्य घालतं किंवा एकच ओळ दहा वेळा लिहितं. अशा ओळी वाचताना लगेच खटकतात, म्हणून त्यांची मला फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती न खटकणाऱ्या ओळीची. ही बघा.

```
87
00:06:41,200 --> 00:06:44,300
फुलोऱ्यात बोर्डो मारून काय करायचं,
तर पाणी बेतानं द्यायचं.
```

वाचा पुन्हा. शुद्धलेखन बरोबर, व्याकरण बरोबर, ‘फुलोऱ्यात’ मधला ऱ्यासुद्धा बरोबर. मी ही ओळ दीडपट वेगानं, लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत तपासली आणि पुढे गेले. फाईल दिली, व्हिडिओ चढला. दोन दिवसांनी चॅनेलवाल्यांना एका बागायतदाराचा फोन आला, त्यांनी तो मला जोडून दिला. ते म्हणाले, ‘ताई, काका तोंडानं मारू नका म्हणतायत आणि खाली तुम्ही मारून लिहिलंय. पोरगं वाचून बोर्डो कालवायला निघालं होतं.’

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण. ऐन फुलोऱ्यात तांब्याचा फवारा बसला तर नाजूक फूल जळू शकतं, म्हणून काका अगदी बजावून सांगत होते, ‘फुलोऱ्यात बोर्डो मारू नका. काय करायचं, तर पाणी बेतानं द्यायचं.’ मोठ्यानं म्हणून बघा. मारू नका, काय. दोन ‘का’ शेजारी आले. काका घाईत होते, पहिला ‘का’ अर्धा गिळला गेला, त्यावर ब्लोअर. यंत्राला एकच ‘का’ ऐकू आला आणि त्यानं ‘न’ मागच्या शब्दाला चिकटवून ‘मारून’ केलं.

सबटायटलची फाईल वेगळी असते म्हणून यूट्यूबवर ती मी पाच मिनिटांत बदलली, व्हिडिओ पुन्हा चढवावा लागला नाही. पण त्याच व्हिडिओची एक प्रत अक्षरं चित्रातच पक्की करून व्हॉट्सॲपवर फिरत होती. तिथे काहीच बदलता येत नाही. त्या प्रतीचं काय झालं याचा विचार आजही मनातून जात नाही.

आता मूळ मुद्दा. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. मारू नका, देऊ नये, करत नाही, नको. आणि वाक्याच्या शेवटीच आपला श्वास संपत आलेला असतो, आवाज खाली येतो, पुढचं वाक्य घाईनं येऊन त्यावर चढतं. म्हणजे अर्थ उलटवणारा शब्द नेमका सगळ्यात हळू उच्चारला जातो. बोलणाऱ्याला दोष नाही, आपली भाषा अशीच बोलली जाते. तेव्हा मराठी ऑडिओ तपासणाऱ्यानं कान वाक्याच्या शेपटाशी ठेवला पाहिजे.

अचूकतेची मागणी मात्र टक्क्यांत येते. ‘अठ्ठ्याण्णव टक्के हवं,’ असं पत्रात लिहिलेलं असतं. हे मोजतात कसं? बरोबर मजकूर समोर ठेवायचा. बदललेले, गळलेले आणि जादा आलेले शब्द मोजायचे, त्यांची बेरीज करायची आणि एकूण शब्दांनी भागायचं. त्या व्हिडिओत साधारण तेराशे शब्द होते. दोन टक्के सूट म्हणजे सव्वीस शब्द चुकले तरी काम पास. आता आपली ओळ मोजा. ‘मारू’चं ‘मारून’ झालं, ही एक चूक. ‘नका’ गळलं, ही दुसरी. तेराशेत दोन. या हिशेबानं माझी फाईल उत्तम ठरते! उलट मी ‘द्यायचं’ ऐवजी सगळीकडे ‘द्यायचे’ लिहिलं असतं, तर पंधरा-वीस चुका धरल्या गेल्या असत्या आणि बागेत कुणाचं काहीच बिघडलं नसतं.

म्हणून मी शब्दांचे दोन ढीग करते. एका ढिगात नकार, आकडे आणि नावं. इथे एकही चूक चालणार नाही. दुसऱ्या ढिगात बाकी सगळं, तिथे टक्के लावा. आकड्यांचं एकच उदाहरण देते. काका म्हणाले, पोपटी अवस्थेत जीए दहा पीपीएम. म्हणजे शंभर लिटर पाण्याला हे संजीवक एक ग्रॅम. यंत्रानं ‘दहा’चं ‘सहा’ केलं होतं. ते मला सापडलं, कारण पुढच्याच वाक्यात काकांनी ग्रॅम आणि लिटर सांगितलं होतं आणि हिशेब जुळेना. आकडा नेहमी शेजारच्या आकड्याशी ताडून बघावा. आपण दीड, अडीच, पावणेदोन बोलतो, तिथे तर दोनदा ऐकावं.

इथे अहिराणीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, बागलाण-मालेगावकडची मंडळी समोर बसली आहेत. ‘दोन बोअर शेतस’ म्हणजे दोन बोअर आहेत. यंत्रानं लिहिलं ‘दोन बोअर शेतात’. पुन्हा वाक्याचं शेपूटच! आणि पुन्हा वाचायला अगदी खरं वाटणारं. अहिराणीचं काम घ्याल तेव्हा बोली तशीच लिहायची की प्रमाण मराठीत, हे आधी विचारून घ्या. माझं मत विचाराल तर तशीच लिहावी, बोलणाऱ्याच्या तोंडचा शब्द आपण का बदलायचा? आणि यंत्राचा मसुदा तिथे घेऊच नये, कोऱ्या पानावरून ऐकून लिहावं. दुरुस्तीला त्याहून जास्त वेळ जातो.

तर त्या ओळीची दुरुस्ती अशी केली.

```
87
00:06:41,200 --> 00:06:42,900
फुलोऱ्यात बोर्डो मारू नका.

88
00:06:43,000 --> 00:06:45,600
काय करायचं, तर पाणी बेतानं द्यायचं.
```

‘नका’ परत आणून मी थांबले नाही, वाक्य तिथेच संपवलं. ‘मारू’ एका पाटीवर आणि ‘नका’ पुढच्या पाटीवर गेलं असतं, तर मध्ये मोबाईल खिशात घालणाऱ्यानं ‘बोर्डो मारू’ एवढंच वाचलं असतं. क्रियापद आणि त्याचा नकार कधीही तोडायचा नाही. पाटी लांब होते म्हणून सबटायटल एडिट हे सॉफ्टवेअर लाल रंग दाखवील, तर घाबरू नका, आधी मोजा. ते अक्षरं त्याच्या पद्धतीनं मोजतं. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये त्याचे सहा तुकडे असतात. इंग्रजीसाठी ठरवलेली सेकंदाला पंधरा-सतरा अक्षरांची मर्यादा तशीच मराठीला लावली, तर निष्कारण शब्द कापावे लागतात. आणि कापायला सगळ्यात सोपा, छोटा शब्द कुठला सापडतो? शेवटचा.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. दर.

दर सांगतात तो व्हिडिओच्या मिनिटाला. आपल्याला घड्याळाची मिनिटं मोजायची आहेत. त्या फोननंतर मी तोच व्हिडिओ नव्यानं तपासला आणि वेळ लिहून ठेवला. मसुदा ऐकत दुरुस्त करायला पंचावन्न मिनिटं. आकडे आणि नावं ताडायला पंचवीस. मग हेडफोन लावून एक फेरी फक्त नकारासाठी, मूळ वेगानं. प्रत्येक नका, नको, नाही, नये ऐकलं की कागदावर रेघ मारायची आणि शेवटी फाईलमधल्या नकारांशी जुळवायचं. त्याला बारा मिनिटं. पाट्या तोडायला तीस. एकूण एकशे बावीस मिनिटं, म्हणजे व्हिडिओच्या एका मिनिटाला जवळजवळ अकरा मिनिटं काम.

तासाला दोनशे रुपये सुटावेत असं धरलं, तर या कामाचे चारशे सात रुपये होतात. अकरा मिनिटं वीस सेकंदांनी भागा, मिनिटाला छत्तीस रुपये. मला सांगितलेला दर होता बारा. त्या दरानं अख्ख्या व्हिडिओचे एकशे छत्तीस, म्हणजे तासाला सदुसष्ट रुपये. बारा रुपयांत काय बसतं? पहिली फेरी, तीही धावत. नकाराची फेरी बसत नाही. मी दीडपट वेगानं का ऐकत होते, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. चूक माझी होती हे मान्य, पण ती कुठल्या दरात झाली तेही सांगायला हवं.

म्हणून काम घेण्याआधी मी व्हिडिओच्या मधली तीन मिनिटं मागवते. सुरुवात नाही, सुरुवातीला सगळे नीट बोलतात. ती तीन मिनिटं चारही टप्प्यांसकट करून घड्याळ बघते आणि त्यावरून दर सांगते. शांत खोलीत एकच माणूस बोलत असेल तर दर उतरतो. गोंगाट असेल, दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलत असतील तर चढतो. भाषांतराचा दर वेगळा, तो यात मिसळू देऊ नका. अपुरं मिनिट पूर्ण धरायचं की सेकंदावर हिशेब, हे आधी लिहून घ्या. आणि अचूकतेच्या कलमात टक्क्यांच्या शेजारी एक ओळ घाला, ‘नकार, आकडे आणि नावे यांत चूक नसेल, त्यासाठी स्वतंत्र तपासणी दरात धरली आहे.’ दर जास्त का, असं विचारलं तर मी पडद्यावरची ही सत्त्याऐंशी नंबरची पाटी दाखवते.

वेळ संपली, अध्यक्ष उठतायत. तीन सेकंद द्या. सहा मिनिटं एकेचाळीस सेकंदांपासून मूळ आवाज लावते. पंखे बंद करा जरा. ‘नका’ किती जणांना ऐकू येतं, हात वर करा.