पलीकडच्या बाजूची भरती

नमस्कार श्रोतेहो.

समुद्रावर भरतीच्या वेळी गेलात, तर एक काम करा. पाणी जिथवर चढलंय तिथे वाळूत काठी रोवा आणि घड्याळ बघा. समजा सकाळचे सहा वाजलेत. आता पाणी सहा तास उतरत जाईल, मग परत फिरेल आणि संध्याकाळी सहा पंचवीसच्या सुमाराला पुन्हा भरती येईल. दुसऱ्या दिवशी सकाळची भरती गाठायला सहाला जाऊन भागणार नाही, तिला सात वाजायला दहा मिनिटं असतील. रोज असा साधारण पन्नास मिनिटांचा उशीर होत जातो. दोन-चार दिवस चिकाटीनं पाहिलंत की हा उशीर तुमचा तुम्हालाच सापडेल.

हा उशीर चंद्राचा आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे सरकलेला असतो. तो पुन्हा डोक्यावर यायला पृथ्वीला आणखी पन्नास मिनिटं फिरावं लागतं. म्हणजे भरतीचं घड्याळ चंद्राच्या हाती आहे, यात शंका नाही. पण मग एक अडचण उभी राहते. त्या चोवीस तास पन्नास मिनिटांत चंद्र एकदाच डोक्यावर येतो, आणि भरती मात्र दोनदा येते. चंद्र पाणी आपल्याकडे ओढतो एवढंच आपण शाळेत शिकलो, त्यानं एका भरतीचा हिशोब लागतो. दुसरी भरती येते तेव्हा चंद्र आपल्या पायांखाली, पृथ्वीच्या पार पलीकडे असतो. त्याच्याकडे पाठ करून पाणी का फुगावं?

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर कळलं की भरतीचं खरं कारणच कळतं.

चंद्र फक्त पाण्याला ओढत नाही, तो अख्ख्या पृथ्वीला ओढतो. मात्र ही ओढ सगळीकडे सारखी नसते. चंद्र आपल्यापासून सुमारे 3,84,000 किलोमीटर दूर आहे. पृथ्वीची चंद्राकडची बाजू केंद्रापेक्षा साधारण 6,400 किलोमीटर जवळ, तर पाठची बाजू तेवढीच लांब. या फरकामुळे जवळच्या बाजूला चंद्राची ओढ केंद्रापेक्षा सुमारे साडेतीन टक्के जास्त भरते आणि पाठच्या बाजूला सव्वातीन टक्के कमी.

आता तिघे जण चंद्राकडे निघालेत असं मनात आणा. पुढे जवळचं पाणी, मध्ये पृथ्वीचा भरीव गोळा, मागे पलीकडचं पाणी. पुढच्याला ओढ जास्त, म्हणून तो मधल्याच्या पुढे जाऊ पाहतो. मागच्याला ओढ कमी, म्हणून तो मधल्याच्या मागे राहू पाहतो. मधल्याच्या जागी उभं राहून बघितलं, तर पुढचाही दूर सरताना दिसतो आणि मागचाही. पलीकडची भरती म्हणजे हे मागे राहिलेलं पाणी. तिथल्या पाण्याला चंद्र दूर ढकलत नाही. तो पृथ्वीला जितकं ओढतो, तितकं त्या पाण्याला ओढत नाही, इतकंच.

पृथ्वी चंद्राकडे ओढली जाते, तर त्याच्यावर जाऊन आदळत का नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. दोघंही एका सामाईक बिंदूभोवती फिरत असतात. हा बिंदू पृथ्वीच्या पोटातच, केंद्रापासून सुमारे 4,700 किलोमीटरवर आहे. ओढ सतत असते, पण ती गती वळवण्यात खर्च होते. आणखी एक समजूत इथेच दूर करतो. पलीकडचं पाणी पृथ्वीच्या गिरकीमुळे बाहेर फेकलं जातं, असं पुष्कळदा सांगतात. गिरकीचा परिणाम विषुववृत्तावर चहूबाजूंनी सारखाच होतो. त्यानं पृथ्वी मध्यभागी कायमची थोडी फुगलेली आहे, पण रोज वरखाली होणारी भरती त्यातून निघत नाही.

चंद्र पाणी वर उचलतो, हेही तसं खरं नाही. ओढीतला हा फरक पृथ्वीच्या स्वतःच्या आकर्षणाच्या जेमतेम नव्वद लाखावा भाग आहे. त्यानं सरळ वर काय उचललं जाणार! खरं काम चालतं ते आडवं. चंद्राच्या थेट खालची आणि थेट पाठची जागा सोडली, तर मधल्या पट्ट्यात ही ओढ तिरकी पडते. पाण्याचं वजन त्याला खाली दाबतं, आडव्या सरकण्याला ते विरोध करू शकत नाही. म्हणून हजारो किलोमीटर पसरलेलं पाणी कणाकणानं सरकतं आणि त्या दोन जागांकडे गोळा होतं. बादलीत भरती येत नाही ती यामुळेच, सरकायला तिथे जागाच नाही.

आता सूर्याकडे वळू. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे 180 पट जोरानं ओढतो. तर मग भरती सूर्याची का नसावी? कारण इथे ओढीपेक्षा दोन बाजूंच्या ओढीतला फरक महत्त्वाचा. सूर्य चंद्रापेक्षा सुमारे 390 पट दूर आहे, आणि इतक्या दुरून पृथ्वीची जवळची बाजू काय नि लांबची काय, जवळपास सारखीच. 180 ला 390 ने भागा, सुमारे 0.46 येतं. म्हणजे चंद्राचा वाटा 100 धरला तर सूर्याचा 46. अमावास्येला आणि पौर्णिमेला तिघं एका रेषेत येतात, दोन्ही वाटे मिळून 146 होतात आणि समुद्राला उधाण येतं. अष्टमीच्या सुमाराला सूर्य आणि चंद्र काटकोनात असतात, वजाबाकी होऊन 54 उरतात. हीच भांगाची भरती. पौर्णिमेलाही उधाण का येतं, हा प्रश्न आता उरत नाही. फुगवटे दोन्हीकडे असतात, मग चंद्र सूर्याच्या बाजूला असो की समोर.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर हे इतकं सरळ घडत नाही, हे मात्र सांगायलाच हवं. विषुववृत्तावर चंद्राखालची जागा ताशी सुमारे 1,600 किलोमीटर वेगानं पुढे पळते. चार किलोमीटर खोल महासागरात भरतीची लाट ताशी 700 किलोमीटरच्या आसपासच धावू शकते, आणि वाटेत खंड आडवे येतात. फुगवटा चंद्राला गाठूच शकत नाही. समुद्र चंद्राच्या तालावर हेलकावे खातो, पण प्रत्येक किनाऱ्याचं पाणी आपापल्या वेळी चढतं. पुष्कळ ठिकाणी मोठं उधाणही अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं.

काही किनाऱ्यांवर तर दिवसातून एकच भरती येते. उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यालगतचं टोंकिनचं आखात त्यातलं एक. तिथल्या पाण्याची नोंद 1684 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीपर्यंत पोचली होती. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असला की दोन फुगवटे तिरके होतात. एक विषुववृत्ताच्या उत्तरेला, दुसरा दक्षिणेला. त्यामुळे बहुतेक ठिकाणी दिवसातल्या दोन भरत्यांत एक मोठी, एक लहान असते. टोंकिनच्या आखातात दोनदा येणारा हेलकावा फारच क्षीण पडतो, आणि दिवसातून एकदाचा हा फरकच तेवढा उरतो. मग महिन्यातून दोनदा चंद्र विषुववृत्त ओलांडतो, दोन्ही फुगवटे समान होतात, फरक मिटतो, आणि त्या दिवशी तिथलं पाणी भरती-ओहोटी विसरल्यासारखं जवळपास जागच्या जागी थांबतं.