ऑडिटर ठेवायचा की बदलायचा: पाचव्या वर्षीचा प्रश्न

कंपनीच्या एजीएमची, म्हणजे भागधारकांच्या वार्षिक सभेची, नोटीस आली की आपण लाभांश किती तेवढं बघतो आणि ती बाजूला ठेवतो. त्याच नोटिशीत तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर कधीतरी एक ठराव असतो: अमुक अँड कंपनी यांची पुढच्या पाच वर्षांसाठी सांविधिक लेखापरीक्षक, म्हणजे कायद्याने नेमावाच लागणारा ऑडिटर, म्हणून फेरनेमणूक करण्यात यावी. मी बरीच वर्षं त्या ‘अमुक अँड कंपनी’च्या बाजूने बसले. आता दोन कंपन्यांत, हिशेब आणि ऑडिटरवर लक्ष ठेवणाऱ्या संचालकांच्या ऑडिट कमिटीवर स्वतंत्र संचालक म्हणून बसते. त्यामुळे या ठरावामागे काय होतं आणि काय होत नाही, हे दोन्ही खुर्च्यांवरून पाहिलंय. आज तेवढंच बोलणार आहे.

आधी नियम. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३९ प्रमाणे शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीत आणि ठरावीक आकारापेक्षा मोठ्या इतर कंपन्यांत ऑडिट फर्मला पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती मिळतात. मग पाच वर्षं बाहेर. ऑडिटर व्यक्ती असेल तर एकच मुदत. फर्मचं नुसतं नाव बदलून किंवा त्याच नेटवर्कमधली दुसरी फर्म पुढे करून चालत नाही. जुन्या फर्मना १ एप्रिल २०१४ पासून तीन वर्षांची सवलत होती. म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात देशभर एकदम ऑडिटर बदलले. मोठ्या कंपन्यांत संगीत खुर्ची झाली. चार-पाच मोठ्या फर्मनी एकमेकांची कामं घेतली, मधल्या फर्मच्या वाट्याला फार काही आलं नाही.

आता एक बारीक गोष्ट. पूर्वी या पाच वर्षांच्या नेमणुकीवर दर एजीएममध्ये भागधारकांची मान्यता घ्यावी लागे. मे २०१८ पासून ती तरतूद गेली. मुदतीच्या मध्येच ऑडिटर काढायचा तर विशेष ठराव हवा, शिवाय केंद्र सरकारची आधी परवानगी हवी. ऑडिटरला आकड्यांवरून कोणी हुसकावू नये म्हणून ते आहे, आणि असावंच. पण पाच वर्षांची मुदत संपते तेव्हा साधा ठराव पुरतो. खास नोटीस द्यावी लागते, ऑडिटरला आपलं म्हणणं मांडता येतं, बस्स. म्हणजे दहा वर्षांत कमिटीला सहज उघडता येणारं दार एकच, पाचव्या वर्षीचं. आणि बहुतेक ठिकाणी ते न उघडताच पुढे जातात.

दीर्घ मुदतीविरुद्ध बोलायचं तर आपल्याकडे ‘सत्यम’ म्हटलं की पुरतं. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं की ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी नव्हतेच. लोकांना आकडा आठवतो. मला आठवतं ते २०११ चं प्रकरण. ऑडिट करणाऱ्या भारतीय फर्मवर अमेरिकेच्या सिक्युरिटीज कमिशनने कारवाई केली, तेव्हा मुख्य ठपका होता बँकांच्या शिल्लक-खातरजमेवर नियंत्रण न ठेवल्याचा. बँकेला पत्र ऑडिटरने स्वतः पाठवायचं आणि उत्तर थेट स्वतःकडे घ्यायचं, हा आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या उमेदवारीच्या, पहिल्या वर्षातला धडा. पण वर्षानुवर्षं त्याच ऑफिसात तोच चहा प्यायला की कंपनीचा माणूस म्हणतो, “द्या मॅडम, आमचा माणूस बँकेत चाललाच आहे.” आणि आपण देतो. दीर्घ मुदतीचा धोका म्हणजे लाच नव्हे. तो असा चहाच्या कपातून येतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. अमेरिकेत कार्सेलो आणि नॅगी यांचा २००४ चा अभ्यास आहे. त्यात खोट्या हिशेबांची प्रकरणं ऑडिटरच्या पहिल्या तीन वर्षांत जास्त आढळली. लांब मुदतीमुळे ती वाढल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. अमेरिकेने आजही फर्म बदलण्याची सक्ती केलेली नाही. तिथे पाच वर्षांनी प्रमुख पार्टनर बदलतो आणि ऑडिटर किती सालापासून आहे ते अहवालात लिहावं लागतं. मला याचं नवल वाटत नाही. नवी फर्म येते तेव्हा जुन्या ऑडिटरला पत्र लिहून विचारते, काही हरकत? बहुतेक वेळा एका ओळीचं उत्तर येतं: हरकत नाही. त्या एका ओळीवर दहा वर्षांचं शहाणपण बाहेर जातं. कोणत्या गोदामात पावसाळ्यात मोजणी होत नाही, कोणता मॅनेजर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिलं फाडतो, हे वर्किंग पेपरमध्ये कोणी लिहीत नाही.

मग कमिटीने ठरवायचं कसं? एक प्रकरण सांगते. कंपनी वाहनांचे सुटे भाग करणारी, पुण्याजवळची. नाव सोडा. २०१७ ला आलेल्या फर्मची पहिली मुदत २०२२ ला संपत होती. फेब्रुवारीच्या बैठकीत सीएफओंची एका पानाची टिपणी आली: काम समाधानकारक, फीमध्ये आठ टक्के वाढ, फेरनेमणुकीची शिफारस करावी. मी कमिटीची अध्यक्ष होते. म्हटलं, शिफारस कमिटीने करायची आहे ना? मग टिपणी तुमची कशी? यात सीएफओंचा दोष नव्हता. सगळीकडे हीच पद्धत आहे. ज्याचे हिशेब तपासायचे, तोच तपासणाऱ्याला शेरा देतो.

आम्ही तीन कागद मागितले. पाच वर्षांत पार्टनर, मॅनेजर आणि आर्टिकल्स यांनी किती तास दिले. प्रत्येक वर्षी सापडलेल्या पण दुरुस्त न केलेल्या चुकांची यादी. आणि पाचही वर्षांची मॅनेजमेंट लेटर्स, म्हणजे कारभारातल्या उणिवा दाखवणारी ऑडिटरची पत्रं. पहिल्या कागदात पार्टनरचे तास दरवर्षी कमी होत गेलेले दिसले. तिसऱ्यात एक मुद्दा चार वर्षं शब्दही न बदलता होता: ‘जॉबवर्करकडील मालाच्या खातरजमेची पद्धत बळकट करावी.’

या धंद्यात कास्टिंग मशीनिंगसाठी बाहेर, जॉबवर्कर म्हणवणाऱ्या छोट्या कारखानदारांकडे जातात. या कंपनीचा सुमारे ११ कोटींचा माल पस्तीसएक जॉबवर्करकडे भोसरी-चाकणच्या शेडांमध्ये असायचा. वर्षअखेरीला प्रत्येकाकडून ‘तुमचे इतके नग माझ्याकडे आहेत’ असं पत्र घ्यायचं. मी ती पत्रांची फाइल बघायला मागितली. चौदा पत्रं. चौदाही एकाच फॉन्टमध्ये, बारा एकाच तारखेची, आणि सगळ्यांचे नग कंपनीच्या पुस्तकाशी शेवटच्या नगापर्यंत जुळणारे. ज्याने कधी जॉबवर्करचं चलन पाहिलंय त्याला इथेच कळेल. खरा जॉबवर्कर कधी शेवटच्या नगापर्यंत जुळत नाही. कुठे पाच रिजेक्ट, कुठे दोन चलनं वाटेत, कुठे मार्चचा माल एप्रिलमध्ये लिहिलेला. न जुळणारं पत्र हेच खरं असण्याची खूण.

चोरी नव्हती. परचेसच्या एका कारकुनाने पत्रं वेळेवर यावीत म्हणून आकडे आधीच भरून दिले होते, जॉबवर्करने फक्त शिक्का मारला होता, आणि गठ्ठा परचेसमधूनच ऑडिटरकडे गेला होता. सत्यमच्या मानाने चिमूटभर गोष्ट, पण जात तीच.

मग ऑडिट पार्टनरना एकट्याला बोलावलं, मॅनेजमेंटला बाहेर बसवून. त्यांनी सरळ कबूल केलं. म्हणाले, पहिल्या वर्षी आम्ही स्वतः पत्रं पाठवली होती. निम्मी उत्तरं आलीच नाहीत, सही रखडली, पुढच्या वर्षी परचेसने मदत केली.

आता बदलायचं की ठेवायचं? एक सहकारी बदलाच्या बाजूने ठाम होते, आणि त्यांचं म्हणणं वजनदार होतं: चार वर्षं तोच मुद्दा लिहून गप्प बसणारी फर्म पाचव्या वर्षी का बोलेल? पण त्याच वर्षी कंपनी नव्या ईआरपीवर, म्हणजे हिशेब-साठ्याच्या नव्या संगणक प्रणालीवर, जाणार होती. जुन्या प्रणालीतल्या नोंदी नव्या प्रणालीत उतरत असताना ऑडिटरही नवा, म्हणजे आरंभीच्या शिलका तपासणारं कोणी जुनं उरणार नव्हतं. शेवटी फर्म ठेवली, पण अटींवर. प्रमुख पार्टनर लगेच बदलायचा. मॅनेजरचे तास ठरवून घ्यायचे, नुसती फी नव्हे. पत्रं ऑडिटरने कुरिअरने पाठवायची, उत्तरं त्यांच्याच पत्त्यावर घ्यायची, आणि सहा शेडांवर अचानक जाऊन नग मोजायचे. अटी नेमणुकीच्या पत्रात लिहिल्या, फी आठऐवजी पंधरा टक्क्यांनी वाढवली. बोर्डाला ते आवडलं नाही. बोर्डाने कमिटीची शिफारस परत पाठवायची तर लेखी कारणं द्यावी लागतात. ती कोणी लिहायला तयार झालं नाही.

पहिल्याच वर्षी दोन शेडांवर मिळून १ कोटी ८० लाखांचा माल कमी निघाला. नाकारलेली कास्टिंग जॉबवर्करने भंगारात दिली होती, आमच्या पुस्तकात ती माल म्हणूनच उभी होती. ते नुकसान त्या वर्षीच्या नफ्यातून गेलं. फर्म बदलली असती तर हे निघालं असतं? कदाचित. पण इथे फर्म न बदलता पार्टनर बदलला आणि पत्राचा पत्ता बदलला, तेवढ्याने निघालं. सक्तीच्या बदलाबद्दल माझं मत तेव्हापासून जरा कोमट आहे.

समोर नागरी सहकारी बँकांचे संचालक बसलेत म्हणून त्यांच्यापुरतं. तुम्हाला रिझर्व्ह बँकेचे २७ एप्रिल २०२१ चे नियम लागू आहेत: फर्मला सलग तीन वर्षं, मग सहा वर्षं बाहेर, आणि नेमणुकीला आधी रिझर्व्ह बँकेची मान्यता. शिवाय एका फर्मला वर्षाला जास्तीत जास्त आठ नागरी बँका. माझ्या मते तीन वर्षं तोकडी आहेत. पहिलं वर्ष कर्जखाती समजण्यात जातं, दुसऱ्यात काम होतं, तिसऱ्यात फर्मचं लक्ष पुढच्या बँकेकडे. पण तुमच्याकडे संचालक आणि कर्जदार एकाच गावचे, कधी एकाच घरचे असतात, तेव्हा नियामकाने घाई का केली हेही समजतं.

आता २०२७ चं बघू. २०१७ ला आलेल्या फर्मच्या दोन्ही मुदती संपतील आणि पुन्हा खुर्च्या हलतील. आमच्या त्या कंपनीतही. तिथे अडचण वेगळीच निघाली. येऊ शकतील अशा चार फर्मपैकी एक आमचं अंतर्गत लेखापरीक्षण करते, दुसरीने ईआरपीतली हिशेबाची मांडणी करून दिली. कलम १४४ प्रमाणे ऑडिटरला ही कामं करता येत नाहीत. म्हणजे नाव ठरवायच्या वर्षभर आधी त्यांना त्या कामांतून मोकळं करायला हवं, नाहीतर निवड दोघांतच उरते आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. गेल्या बैठकीत अंतर्गत लेखापरीक्षणाचं काम दुसरीकडे द्यायचा ठराव आम्ही केला. सीएफओंनी विचारलं, इतक्या आधी? मी म्हटलं, एजीएम ऑगस्टमध्ये, जूनच्या तिमाहीवर सही जुन्यांची, सप्टेंबरच्या तिमाहीवर नव्यांची. त्या दोन सह्यांच्या मध्ये भोसरीच्या शेडांवर कोण जाणार, ते आत्ताच लिहून ठेवू या.