लोणकढी थाप: खोटं किती आणि खरं किती

मंडळी, लोककथांची आर्ने-थॉम्सन-उथर नावाची एक आंतरराष्ट्रीय सूची आहे. तिच्यात १८७५ ते १९९९ हे क्रमांक निव्वळ थापांच्या गोष्टींसाठी आहेत. सगळ्या सांगायला बसलो तर सकाळ होईल. म्हणून एकच गोष्ट घेतो आणि ती उलगडून पाहतो. बाल्दास्सारे कास्तिल्योने या इटालियन लेखकाच्या दरबारी रीतिरिवाजांवरच्या ग्रंथात ती आली आहे. ग्रंथ छापला गेला १५२८ साली.

लुक्का गावचा एक व्यापारी पोलंडमध्ये सेबल या प्राण्याची कातडी घ्यायला गेला. माल होता मॉस्कोच्या लोकांकडे. पण पोलंड आणि मॉस्को यांचं युद्ध चालू, त्यामुळे ते लोक नदी ओलांडायला तयार नव्हते. नीपर नदी गोठलेली. हे या काठावर, ते त्या काठावर. त्यांनी भाव ओरडून सांगितला, पण थंडी इतकी की शब्द पोचण्याआधीच हवेत गोठले. पोलिश लोकांना याची सवय होती. त्यांनी नदीच्या मधोमध मोठा जाळ केला, कारण त्यांच्या हिशेबाने आवाज तिथपर्यंत ऊब धरून येत होता आणि पुढे गोठत होता. नदीचा बर्फ इतका पक्का की त्याने तो जाळ सहज पेलला. तासभर गोठून राहिलेले शब्द वितळले आणि खाली उतरू लागले. बोलणारे तोवर निघूनही गेले होते. व्यापाऱ्याने भाव ऐकला, त्याला तो फार वाटला, आणि तो काही न घेता घरी परतला.

यात अशक्य किती? एकच गोष्ट: आवाज गोठतो. बाकी सगळं कोर्टात टिकेल असं आहे. युद्धाचा उल्लेख काढून बघा. लगेच कुणीतरी विचारेल, ‘नदी गोठली होती ना, मग चालत का नाही गेले?’ गोष्ट तिथेच कोसळली. युद्ध आहे म्हणून ओरडावं लागतं, ओरडावं लागतं म्हणून शब्द गोठतात. जाळाने नदी वितळली नाही का, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर सांगणाऱ्याने कुणी विचारण्याआधीच देऊन टाकलंय. थापाड्याची खरी मेहनत इथे असते. शंका कुठून येणार हे त्याला आधी दिसतं आणि तो तिथे गुपचूप पाचर मारून ठेवतो.

आणि शेवट पाहा. शब्द वितळले, केवढा चमत्कार! पण व्यापाऱ्याला त्याचं काही नाही, त्याला भाव महाग वाटला. माझ्या मते ही थाप त्या एका वाक्यावर उभी आहे. सांगणारा स्वतःच चकित झाला, ‘काय सांगू तुम्हाला’ म्हणाला, की थाप गेली.

कल्पना कास्तिल्योनेची नव्हे. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने अँटिफानीस नावाच्या ग्रीकाच्या तोंडी ती घातलीय: एका शहरात हिवाळ्यातलं बोलणं लोकांना उन्हाळ्यात ऐकू येई. राब्ले या फ्रेंच लेखकाच्या गोष्टीत जहाजावरची माणसं गोठलेले शब्द मुठीने उचलतात. हे चालतं, कारण जे गोठलं ते उचलता येणारच. पण तेच शब्द उडून परत बोलणाऱ्याच्या तोंडात गेले असते, तर ती दुसरी थाप झाली असती. ऐकणारा एक थाप आनंदाने पचवतो. दुसरी आली की त्याला कळतं, इथे काहीही होऊ शकतं. आणि काहीही होऊ शकत असेल तर मजा कसली?

आता ही गोष्ट इकडे आणायची म्हटली तर? गोठणारा आवाज सोलापुरात चालणार नाही. उन्हाची थाप हवी. अमेरिकेत एक आहे: उन्हाने शेतातला मका फुटून लाह्या झाल्या, जनावराला वाटलं बर्फ पडला, आणि ते गारठून मेलं. मक्याऐवजी ज्वारी घातली की झालं, असं वाटतं. तसं होत नाही. मे महिन्याच्या उन्हात उभी ज्वारी दाखवलीत तर पारावरचा पहिलाच शेतकरी तुम्हाला अडवेल. लाह्या फुटल्या याबद्दल तो काही बोलणार नाही; रब्बीची ज्वारी मार्चपर्यंत निघालेली असते, याबद्दल बोलेल. म्हणून ज्वारी खळ्यावर आणा. लाह्यांची ज्वारी वेगळी असते असंही कुणी म्हणेल, तर लाह्यांसाठी राखलेलं पोतं म्हणा. ते पोतं उन्हात राहिलं, फुटलं, आणि खळं पांढरं झालं. आता बैल. सोलापूरच्या बैलाने बर्फ कुठे पाहिलाय? पण गारपीट त्याने पाहिलेली असते. म्हणून त्याला वाटलं गारा पडल्या आणि तो गाडीखाली जाऊन बसला. मालक काठी घेऊन उभा, बैल बाहेर यायला तयार नाही. थांबायचं ते इथेच.

मोठेपणा दाखवतानाही हीच खबरदारी. आकडा फुगवला की ऐकणारा मनात भागाकार करू लागतो. इंग्लंडच्या कंब्रियात विल रिटसन नावाचा खानावळवाला होता, एकोणिसाव्या शतकातला. त्याचे सलगम इतके मोठे की लोक खाणीतून दगड काढावा तसे रविवारच्या जेवणासाठी त्यातले तुकडे काढत, आणि पोकळ झालेल्या सलगमात मेंढ्या बांधत. फूट नाही, इंच नाही, नुसता वापर. त्याच्या नावाने तिथल्या सँटन ब्रिज गावात आजही थापांची स्पर्धा भरते. प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. राजकारणी आणि वकील यांना मज्जाव, कारण ते सराईत समजले जातात.

राहता राहिला ऐकणारा. ‘छे, खोटं!’ म्हणणारा ऐकणारा सगळ्यात वाईट. थापेला उत्तर थापेनेच द्यायचं. एकजण सांगतो, आमच्या गावच्या कोबीखाली अख्खी वरात उभी राहिली. दुसरा म्हणतो, आमच्याकडे कढई घडवत होते, एका कडेच्या लोहाराचा घण दुसऱ्या कडेला ऐकू येत नव्हता. ‘एवढी कढई कशाला?’ ‘तुमचा कोबी शिजवायला.’ पहिल्याचा कोबी नाकारला नाही, उलट तो खरा धरूनच त्याला चीत केलं.

यावर बेतलेला एक किस्सा भारतापासून युरोपपर्यंत सापडतो. सावकार पैज लावतो: जो मला ‘हे खोटं आहे’ म्हणायला लावील त्याला हजार मोहरा. लोक येतात, आभाळाएवढ्या थापा मारतात, सावकार मान डोलावतो. असेल बुवा. मग एक गडी येतो. तोही आधी दोन-तीन फुकटच्या थापा मारतो, ज्यांना हो म्हणायला सावकाराचं काही जात नाही. सावकाराची मान डोलायला सरावली की हा सहज म्हणतो, ‘तेव्हाच तुमच्या वडिलांनी माझ्या बापाकडून हजार मोहरा उसन्या घेतल्या होत्या, त्या अजून यायच्यात.’ खरं म्हटलं तर कर्ज फेडा, खोटं म्हटलं तर पैज द्या.

सांगताना इथे दोन चुका होतात. एक म्हणजे कर्जाची रक्कम पैजेपेक्षा कमी ठेवणं. मग सावकार ‘खरं आहे’ म्हणून स्वस्तात सुटतो. दोन्हीकडे हजारच हवेत, किंवा कर्ज जास्त. दुसरी चूक कर्जाची थाप रंगवून सांगण्याची. आधीच्या थापा हव्या तेवढ्या रंगवा. ही मात्र उसनवारीची आठवण करून द्यावी तशी, कोरड्या आवाजात सांगायची, कारण अख्ख्या गोष्टीत हीच एक थाप अशी आहे जी खरी असू शकते.