पगार भागिले तास, इथेच गणित फसतं

बसा बसा, मागे जागा आहे अजून. तर सुरुवात माझ्याच घोळापासून करते. नोकरी सोडून फ्रीलान्स डिझाइन सुरू केलं त्या आठवड्यात मी तासाचा रेट काढला तो असा: वर्षाचा पगार भागिले वर्षाचे तास. बावन्न आठवडे, आठवड्याला चाळीस तास, झाले २,०८०. वर थोडं चढवलं, म्हटलं आता काय आपणच मालक. सहा महिन्यांनी बघते तर दिवस खचाखच भरलेला, क्लायंट खूश, आणि खर्च वजा जाता हातात जुन्या पगाराच्या निम्मेसुद्धा नाहीत. मला वाटलं मी स्लो आहे. स्लो नव्हते हो, भाजक चुकला होता.

आज मी कुठलंही चलन घेत नाहीये, पगार महिना १०,००० धरू, तुम्ही घरी जाऊन तुमचा आकडा टाका. हा पगार म्हणजे कर कापायच्या आधीचा, हातात येणारा नाही. कारण फ्रीलान्सची कमाईसुद्धा कर भरायच्या आधीचीच असते आणि तो कर भरायला आता अकाउंट्सवाले नाहीत, तुम्हीच आहात. म्हणजे वर्षाचे १,२०,०००, आणि माझ्या पद्धतीने रेट आला तासाला ५८.

आता खालची बाजू बघू, म्हणजे तास. तुम्हाला सुट्ट्या लागणार, आजारी पडणार, सणवार असणार, कंपनी हे सगळं पगारी देत होती. बावन्नातले आठ आठवडे त्यात गेले. उरले चव्वेचाळीस. त्यात एक काम संपलं आणि दुसरं सुरू झालं नाही असे आठवडे येतातच, मी चार धरते, ज्यांचं काम सीझनवर चालतं त्यांनी जास्त धरा. राहिले चाळीस.

आणि या चाळीस आठवड्यांतसुद्धा रोज आठ तासांचं बिल होत नाही. मी सहा आठवडे डायरी ठेवली, साधी वही, काय केलं आणि किती मिनिटं. त्यातला एक मंगळवार सांगते. मेल बघणं ४० मिनिटं. एका नवीन माणसाशी कॉल ५० मिनिटं, काम अजून मिळालेलं नाही. त्याच्यासाठी कोटेशन बनवणं १ तास १० मिनिटं. मग प्रत्यक्ष डिझाइन ४ तास २० मिनिटं. थकलेल्या बिलाची आठवण करून देणारा गोड भाषेतला मेल लिहायला २० मिनिटं (गोड लिहायलाच वेळ लागतो). सॉफ्टवेअर अपडेट, बॅकअप, फाइली आवरणं ४० मिनिटं. बेरीज बरोबर आठ तास, आणि बिलात गेले ४ तास २० मिनिटं. मंगळवार काही वाईट नव्हता बरं का, दिवसभर खुर्चीतून उठले नव्हते मी. सहा आठवड्यांची सरासरी निघाली आठवड्याला २२ तास.

चाळीस गुणिले बावीस, वर्षाचे ८८० तास. कुठे २,०८० आणि कुठे ८८०.

आता वरची बाजू, पटकन सांगते. कंपनी तुमच्या निवृत्तीसाठी काही भरत असेल, आरोग्य विमा देत असेल, ते आता तुमच्या खिशातून, उदाहरणासाठी १८,००० धरू. लॅपटॉपची झीज, सॉफ्टवेअरची वर्गणी, इंटरनेट, हिशेब बघणाऱ्याची फी, हे १६,०००. झाले १,५४,०००. आणि बिलाच्या शंभरातले पाचेक बुडणार असं मी धरून चालते, म्हणून ०.९५ ने भागते, साधारण १,६२,१०० होतात. भागिले ८८०. तासाला १८४.

५८ आणि १८४. तिपटीच्याही वर. हा आकडा बघून पहिल्यांदा मी वही मिटून ठेवली होती, कोण देणार एवढे म्हणून.

पण त्याआधी एक गंमत बघा. रेट जास्त येतोय म्हटल्यावर सगळे पहिल्यांदा काय करतात, तर सॉफ्टवेअरची वर्गणी बंद करतात. समजा वर्षाचे २,००० वाचवले, तर रेट १८४ वरून १८२ होतो. दोनच. आणि आठवड्याला फक्त दोन तास फुकटातून बिलात आणले, बावीसचे चोवीस, तर वर्षाचे ९६० तास होतात आणि रेट येतो १६९. पंधराचा फरक. उलटं, बावीस धरले आणि प्रत्यक्षात सोळाच भरले तर रेट २५३ हवा होता. म्हणून डायरी हवी, अंदाज नको, कारण अंदाज लावताना आपल्याला नेमका सगळ्यात चांगला आठवडा आठवतो. पहिल्या वर्षी तर बावीससुद्धा भरत नाहीत, ओळखी नसतात, पोर्टफोलिओ बनवण्यात दिवस जातात.

ते दोन तास कुठून आणायचे? माझे कोटेशनमधून आले. दर वेळी कोऱ्या पानापासून लिहायचे, आता तीन साचे आहेत. आणि काम मिळायच्या आधीचा कॉल वीस मिनिटांचा, ठरवून. दुसरं म्हणजे काम सुरू झाल्यानंतरच्या मीटिंगा मी फुकट समजत होते, अहो ते कामच आहे, ते बिलात जातं.

मागून प्रश्न आलाय की क्लायंट तासाचा रेट मागतच नाही, पूर्ण कामाचा आकडा मागतो. मागू दे की. १८४ हा तुमच्या वहीतला आकडा आहे, त्याला दाखवायलाच हवा असं नाही. लोगो आणि सोबतच्या गोष्टींचं काम आहे, तुमच्या अंदाजाने दोन फेऱ्यांच्या बदलांसकट ३० तास, तर ५,५२० सांगा. त्यात कोटेशनचे, मेलचे तास परत मिळवू नका, ते १८४ मध्ये आधीच बसलेत. काम संपलं की मात्र तास मोजा. माझ्या अशाच एका कामात तिसरी फेरी, चौथी फेरी, 'जरा निळा करून बघू' असं करत ४१ तास गेले. ५,५२० भागिले ४१, म्हणजे १३५. त्यानंतर माझ्या कोटेशनवर ओळ आली: दोन फेऱ्या धरल्या आहेत, पुढची फेरी तासाच्या हिशेबाने.

आणि बाजारात १८४ मिळतच नसतील तर? हा आकडा बाजारभाव नाहीये, याच्या खाली गेलात तर पगार भरून निघत नाही एवढंच तो सांगतो. एकाच क्लायंटचं महिन्याचं बांधलेलं काम असेल तर कोटेशन आणि शोधाशोध वाचते, मग थोडा कमी रेटही परवडतो, पण डायरीत बघून, त्याने मागितलं म्हणून नाही. आणि तेही जमत नसेल तर नोकरी अजून सोडू नका, संध्याकाळची कामं घ्या आणि त्यांचीच डायरी ठेवा. मी राजीनामा आधी दिला आणि वही नंतर आणली.